नऊ हंगाम आणि चार वर्षे

‘पाच’ हा आकडा मीच लिहिला होता. हे आधी कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे मी जो संताप करणार आहे तो सोवळ्यात बसून केलेला आहे असं कोणाला वाटायला नको.

वाशीमजवळच्या एका सहकारी जिनिंगमध्ये, कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, मी तेव्हा चिटणीस होतो. सभासद सगळे कापूसवाले शेतकरी, वर सात जणांचं पंचमंडळ, आणि कागद लिहायला मी. आमचा जुना फिटर डोळ्यांनी थकला आणि भाद्रपदात घरी बसला. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या दारात उभ्या राहणार, त्याच्या आत नवा माणूस हवा होता. जाहिरातीचा मसुदा करायला बसलो तेव्हा टेबलावर दुसऱ्या एका जिनिंगची जुनी जाहिरात पडली होती. तिच्यात ‘पाच वर्षे किंवा अधिक अनुभव’ असं छापलेलं होतं. मी ते उचललं आणि आपल्या कागदावर ठेवलं. पाचच का, चार का नाही, हे ना मला कोणी विचारलं, ना मी स्वतःला. मंडळाने मान डोलावली आणि जाहिरात अकोल्याच्या वर्तमानपत्रात गेली.

सहा अर्ज आले. त्यातले चार वाचताक्षणी बाजूला ठेवण्यासारखे होते. उरले दोन. एक रिसोडकडचा, पन्नाशीचा, नऊ वर्षांचा अनुभव लिहिलेला. दुसरा आसेगावचा, चोवीस-पंचवीस वर्षांचा. त्याने सरळ लिहिलं होतं, ‘अनुभव चार वर्षे. पाच नाही, हे मला माहीत आहे. तरी मशीनवर उभं करून बघावं.’ मला तो अर्ज तिथेच आवडला. खोटं एक वर्ष घालणं किती सोपं होतं. कोण तपासायला जाणार होतं?

जिनिंगच्या धंद्यात वर्ष म्हणजे काय, ते इथे सांगायला हवं. या धंद्यात हंगामालाच वर्ष म्हणतात. दिवाळीनंतर भोंगा सुरू, होळीच्या आसपास बंद. चार महिने. रिसोडकडच्या गृहस्थांची नऊ वर्षं अशी होती. हंगामापुरते जायचे, भोंगा थांबला की वळकटी उचलून घरी. आसेगावचा मात्र बाराही महिने तिकडच्याच एका जिनिंगमध्ये म्हाताऱ्या फिटरच्या हाताखाली होता. आणि फिटरचं खरं काम उन्हाळ्यात असतं. जिनं उघडायची, रुळांवरचं झिजलेलं चामडं बदलायचं, सुऱ्यांना धार लावायची, इंजिन खोलून पुन्हा बसवायचं. हंगामात मशीन नुसतं चालवायचं असतं. मी कागदावर हिशेब मांडला. नऊ हंगाम म्हणजे छत्तीस महिने. चार वर्षं म्हणजे अठ्ठेचाळीस.

हा कागद घेऊन मी मोठ्या हुरुपाने मंडळासमोर गेलो.

आमचे अध्यक्ष रिठदकडचे पाटील. माणूस सरळ. संस्थेचा चहासुद्धा कधी फुकट प्याले नाहीत, घरून थर्मास आणायचे. असा माणूस चुकला की जास्त चीड येते, कारण त्याला शिव्या देता येत नाहीत. त्यांनी माझा कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “बाबू, महिने तुमी मोजले. आपल्या धंद्यात महिने कोन मोजते? सारे साल मोजतात. याचे साल चार, त्याचे नऊ.”

“पन पाटील, साल कायच्यासाठी पायजे आपल्याले? काम येते का, हे पाह्यासाठीच नं?” हे बोलले मंडळातले शेटजी, शिरपूरचे जैन व्यापारी. रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, व्यवहारात मुरलेले. “मंग कामच पाहा. दोघायले एकेक जिन द्या अन् सुरी लावाले सांगा.”

हे अध्यक्षांनी मान्य केलं. मी म्हटलंच, माणूस सरळ.

परीक्षा मी पाहिली. चामड्याच्या रुळाला एक पोलादी सुरी टेकून असते. ती जास्त दाबली तर चामडं तापतं, जळतं, आणि रुईच्या ढिगाशेजारी ते जळणं म्हणजे काय ते सांगायला नको. ढिली ठेवली तर सरकीवर कापूस राहून जातो. शिवाय दुसरी एक सुरी खालीवर हलत सरकीला ठोकरते, तिचं अंतर चुकलं तर सरकी फुटते आणि तिचे तुकडे रुईत जातात. रिसोडकडच्यांनी पाना मागितला, बोल्ट आवळले, मशीन सुरू केलं, झालं. रुई हातात घेतली तर तिच्यात सरकीचे काळे ठिपके. “थोडं चालू द्या, बसन आपोआप,” ते म्हणाले. आसेगावच्याने आधी सुरी सोडवलीच. रुळावरून तळहात फिरवला, दोन ठिकाणी चामडं दबलेलं दाखवलं, ते घासून घेतलं, मग सुरी बसवली. मशीन थोडा वेळ चालवून थांबवलं आणि रुळाला हाताची मागची बाजू लावून पाहिली. पुन्हा किंचित ढिली केली. तास लागला. रुई स्वच्छ पडली. शेटजींनी ती चिमटीत ओढून पाहिली आणि खिशात ठेवली, घरी नेऊन दाखवायला.

आता यापुढे बोलायला काय उरलं होतं? पण बोलणं तिथूनच सुरू झालं.

एक पंच म्हणाले, विमावाले हरकत घेतील. मी कपाटातून विम्याचा कागद काढून आणला. त्यात ‘जाणकार माणूस’ एवढंच होतं, वर्षांचा आकडा कुठेच नव्हता. दुसरे म्हणाले, सरकारी सहकार खातं विचारेल. मी म्हटलं, फिटर कोण ठेवायचा हे आपलं आपण ठरवायचं असतं, पाचाचा आकडा मीच दुसऱ्याची जाहिरात पाहून घातला आहे, वरून आलेला नाही. मला वाटलं, सुटला प्रश्न.

मग अध्यक्ष बोलले. “तुमी घातला, पन आमी मंजूर केला. अन् छापला. बाबू, हे जाहिरात वाचून चार साल, साडेचार साल काम केलेले किती फिटर घरी बसले असतीन? त्यायनं म्हटलं असन, पाच मांगतात, आपलं काम नाई. त्यायले आपन काय सांगाचं? तुमी अर्ज काहून केला नाई, आमी तं चारवाल्यालेबी घेतो?”

खरं सांगतो, आजही मला तो मुद्दा चुकीचा वाटत नाही. म्हणूनच मी म्हटलं, “मंग जाहिरात पुन्हा देऊ. ‘चार वर्षे’ लिहू. आठ दिवसांत होते.” आठ दिवस आपल्याजवळ नाहीत, असं अध्यक्ष म्हणाले. आणि मग त्याच मंडळाने, हातात आठ दिवस नसलेल्या मंडळाने, विचार करायला तीन आठवडे लावले. मला तर तेव्हाच दौत फेकून मारावीशी वाटत होती. त्या न आलेल्या माणसांवर अन्याय नको म्हणून समोर आलेल्या माणसावर करायचा, हा कुठला न्याय? आणि न आलेल्यांचा तरी काय फायदा झाला? त्यांना कोणी बोलावलं नाहीच.

दसरा उलटला. फिटरांच्या जागा दसऱ्याला ठरतात, त्यानंतर कोणी कोणासाठी थांबत नाही. आसेगावच्याने परीक्षेच्या भरवशावर आपल्या मालकाला सांगून ठेवलं होतं की वाशीमला जातो आहे. मालकाने त्याची जागा भरून टाकली. त्यानंतर आमचं पत्र गेलं, माझ्या अक्षरात: ‘आपला अनुभव आवश्यकतेपेक्षा कमी असल्याने खेद वाटतो.’ खेद कोणाला वाटत होता ते मला माहीत आहे. तो मंडळाला नव्हता.

नऊ हंगामवाले आले. त्यांना वाईट म्हणणार नाही. वेळेवर यायचे, दारू नाही, भांडण नाही. पण जिन उघडून बसवायचं काम त्यांनी जन्मात केलेलं नव्हतं. प्रत्येक कारखान्यात ते दुसरं कोणीतरी करून ठेवायचं आणि हे चालवायचे. जानेवारीत रुईत सरकीचे तुकडे इतके येऊ लागले की अकोल्याच्या व्यापाऱ्याने गाठी खालच्या प्रतीत टाकल्या. दोन रूळ जळाले, नशिबाने आग तिथेच विझवली. सभासद दारात येऊन ओरडले. ज्याच्या शेतातला चांगला कापूस आमच्या मशीनने खराब केला, त्याने ओरडू नये तर काय करावं? अध्यक्ष दारात उभे राहून सगळं ऐकून घ्यायचे, मान खाली घालून.

पुढच्या आश्विनात नऊ हंगामवाल्यांना पुन्हा न बोलावता त्यांनीच मला आसेगावला पाठवलं. फिटर शेतात रोजाने तूर निंदत होता. हातात विळा, तळहाताला नवे घट्टे. वर्षभर त्याने जिनिंगचं तोंड पाहिलं नव्हतं. दोन ठिकाणी विचारायला गेला तेव्हा, वाशीमवाल्यांनी कमी अनुभव म्हणून काढलेला तो तूच का, असं विचारलं गेलं. आमच्या पत्राची बातमी त्याच्या आधी पोचली होती. मी म्हटलं, “चाल.” त्याने घरी जाऊन हात धुतले आणि निघाला. त्याची बायको दारात उभी होती, तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. बरोबर केलं.

मंडळ बसलं. अध्यक्षांनी त्याला खुर्ची दिली, जी मागच्या वर्षी दिली नव्हती. मग माझ्याकडे वळून मोकळेपणाने म्हणाले, “बाबू, लिवा. अनुभव पाच वर्षे. आता तं झाले पुरे. मांगच्या साली चार, एक हे.”

माझी लेखणी उचललीच गेली नाही. त्यांच्या डोळ्यांत लबाडी असती तर बरं झालं असतं. ती नव्हती. त्यांना खरोखर वाटत होतं की आता नियम पाळला गेला.

“पाटील,” फिटर म्हणाला, “या साली म्या तूर निंदली.”

“हो, पन साल तं गेलं नं?”

“गेलं. तुमच्यानंच गेलं. ज्या साली म्या जिनाले हात नाई लावला, थे साल तुमी मोजून राह्यले. अन् ज्या चार सालात उन्हाया-पावसाया मशीनपाशी झोपलो, थे तुमाले कमी पडले.” आवाज चढलेला नव्हता. “चार लिवा. चारावर घ्याचं असन तं घ्या, नाई तं मी आसेगावले चाललो.”

शेटजी खिडकीबाहेर बघत होते. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “चार लिवा,” ते म्हणाले.

मी लिहिलं: ‘अनुभव चार वर्षे. मंडळास पुरेसा वाटतो.’ सातही जणांच्या सह्या झाल्या, कोणी एक शब्द विचारला नाही. वर मान केली तेव्हा फिटर खोलीत नव्हता. शेजारच्या शेडमधून जुनी सुरी सोडवल्याचा आवाज येत होता. मी कागदावरची शाई सुकेपर्यंत बसून राहिलो. तोंडात कडू चव होती, आणि ती या सात जणांची होती तेवढीच माझीही होती.