टाळी नाही, रुमाल

ती काठी एका पोराच्या टाळक्यासाठी होती. मध्ये माझं मनगट आलं म्हणून टाळकं वाचलं.

चाकणच्या हायस्कुलात मी कवायतीचा मास्तर होतो. पन्नास सालानंतरची ती वर्षं. तिकडे पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता आणि आमच्याकडे अजून कांदा, आठवडे बाजार आणि बांधावरची भांडणं चालली होती. त्या चैत्रात जवळच्या एका गावात बांधावरूनच एक माणूस कुऱ्हाडीनं तोडला गेला. मारणारा त्याचा चुलतभाऊच. तो येरवड्याला गेला आणि दोन्ही घरांची पोरं माझ्या आठवीच्या वर्गात राहिली. एक मेलेल्याचा मुलगा, दुसरा मारणाऱ्याचा पुतण्या. दोघांच्या पाठीशी आपापल्या भावकीतली चार-चार टगी होतीच.

मी त्यांना हुतूतू खेळायला लावत होतो. रग जिरते, असं माझं शास्त्र. त्या दिवशी मेलेल्याचा मुलगा चढाई करत पलीकडे गेला आणि चौघांनी त्याला खाली घेतलं. दम सुटला तरी सोडेनात. एक त्याच्या मानेवर बसला. ह्यानं खालूनच त्या पुतण्याच्या कानाला दात लावले ते रक्त निघेपर्यंत सोडले नाहीत. मी एकेकाला बखोटीला धरून फेकत होतो, तोंडानं शिव्या देत होतो, आणि तेवढ्यात कुणीतरी सामानाच्या उघड्या खोलीतून कवायतीची काठी आणली. ती कुणी आणली ते मला आजही ठाऊक नाही. मनगटातलं हाड मोडल्याचं मी कानानं ऐकलं. डाव्या हातानं मी समोर आलेल्या पहिल्या पोराच्या मुस्कटात दिली, आणि मग खाली बसलो.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर हात हलवायचा नाही.

परत आलो तर खोलीवर हेडमास्तर वाट पाहत बसलेले. शांत माणूस, पण त्या दिवशी चेहरा उतरला होता.

"बाप गेलेल्या त्या पोराची आई आली होती," ते म्हणाले. "दीर पोराला शाळेतनं काढून तालमीत घालायचं म्हणतोय. कशासाठी ते तुम्हाला सांगायला नको. बाई म्हणाली, शाळेत पुन्हा रगत सांडलं तर मी त्याला अडवू शकणार नाही."

"मग कवायतीचा तासच बंद ठेवा."

"आणि ती सगळी पोरं पाऊण तास मोकळी सोडू? तुमच्या जागी शास्त्रीबुवा तास घेतील. त्यांनी काय करायचं, ते लिहून द्या."

मला हसू आलं, आणि हसल्यावर हात ठणकला. शास्त्रीबुवा आमचे संस्कृतचे शिक्षक. धोतर, उपरणं, दमा. त्यांनी आयुष्यात शिट्टी फुंकली नव्हती. पण दुसरा मास्तर मोकळा नव्हता, आणि मी स्वतः मैदानावर आलो तर मोडक्या हातानंही पोरांवर धावून जाईन, हे हेडमास्तर ओळखून होते. त्यांनी मला बंदीच घातली.

लिहायचं डाव्या हातानं. पहिला कागद मी रागारागात भरला. हुतूतूची पकड कमरेखाली धरायला लावा, मल्लखांबावर एका वेळी एकच, लाठीचे पहिले चार हात करून घ्या. शास्त्रीबुवांनी तो वाचला आणि भाबडेपणानं विचारलं, "पकड चुकीची आहे हे मला कसं कळावं?"

"दिसतं की!"

"तुम्हाला दिसतं."

मी कागद चुरगाळून कोपऱ्यात फेकला. म्हातारा काही चुकीचं बोलला नव्हता, म्हणूनच जास्त राग आला. ज्या खेळात जाणत्याची नजर लागते, तो खेळ अजाणत्याच्या हाती द्यायचाच नाही, एवढं साधं मला तोवर सुचलं नव्हतं.

दुसरा कागद लिहिला. त्यात त्या दोघांची नावं घातली आणि लिहिलं, ह्यांना लांब उभं करा. हेडमास्तरांनी तो तिथल्या तिथे फाडला. "हा कागद बदलीच्या शिक्षकाच्या खिशात, मग शिक्षकांच्या खोलीत, मग बाजारात. आणि उद्या शास्त्रीबुवाही आजारी पडले, तर तिसऱ्या माणसाला ह्या दोघांची भावकी कोण समजावणार? काही ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातूनही तास नीट पार पडला पाहिजे."

तिसऱ्या कागदाला दोन दिवस लागले. डाव्या हातानं एकेक अक्षर म्हणजे नांगरट. त्यामुळे फालतू शब्द आपोआप गळून गेले. काठ्या, लेझीम सगळं कुलपात, किल्ली हेडमास्तरांकडे. घंटेआधी शिपायाबरोबर मैदान फिरून खडे, काटे, काचा उचलाव्यात. नेहमी हे काम पोरंच करत, पण त्या वर्गातल्या प्रत्येकाच्या हाती दगड देण्याची माझी छाती नव्हती. शिट्टी वाजली की जागच्या जागी खाली बसायचं, आणि खेळाआधी नुसतं एवढंच तीनदा करून घ्यायचं. आपण अशा जागी उभं राहावं की सगळी पोरं डोळ्यांपुढे असतील. ज्याला बरं नाही त्याला जबरदस्ती नको, त्याला आपल्या बाजूला बसवावं. कुणी पडला आणि उठेना, तर त्याला ओढू-उचलू नये. खेळ थांबवून दोघांना हेडमास्तरांकडे पिटाळावं.

आणि खेळ एकच. चार रांगा बसलेल्या, रांगांत भरपूर अंतर. पहिल्यानं पळत आपल्या रांगेसमोर रोवलेल्या झेंड्याला उजवीकडून वळसा घालायचा, परत येऊन पुढच्याच्या तळहातावर टाळी द्यायची आणि मागे जाऊन बसायचं. वळसा सगळ्यांचा एकाच बाजूनं, म्हणजे टक्कर नाही. झेंडा भिंतीपासून लांब, म्हणजे कुणी भिंतीवर आदळणार नाही. कुणी कुणाला धरायचं नाही, पाडायचं नाही. नायक निवडून गट पाडायचे नाहीत, कारण मग भावकीच समोरासमोर उभी राहते. हजेरीच्या नंबरानं सरळ रांगा लावायच्या: पहिले दहा पहिल्या रांगेत, पुढचे दहा दुसऱ्या.

शास्त्रीबुवांनी वाचलं. मी म्हणालो, "काही अडतंय?"

"नाही. हे मला जमेल." त्यांनी तो कागद पंचांगासारखा घडी करून ठेवला.

तासाच्या दिवशी बंदी मोडून मी मैदानाच्या कडेला निवडुंगाच्या कुंपणामागे जाऊन उभा राहिलो. म्हाताऱ्यानं कागदाबरहुकूम सगळं केलं. शिट्टी फुंकताना दम लागला, पण पोरं खाली बसली. मला बरं वाटलं. मग ते हजेरी वाचत रांगा लावू लागले आणि माझी चूक मला दिसली.

दोन्ही घरांचं आडनाव एकच. भावकीच ती! आमची हजेरी आडनावावर चाले, म्हणून ते दोघे लागोपाठच्या नंबरांचे. वर्षभर ती हजेरी मी घेत होतो आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. रांगेत पहिला पुतण्या, मेलेल्याचा मुलगा त्याच्या मागे. पुतण्याच्या कानाला अजून पट्टी होती.

शास्त्रीबुवा म्हणाले, "पळा!" पुतण्या पळाला, वळसा घालून आला. समोरचं पोर हात पुढे करीना. दोन्ही हात पाठीमागे बांधून ते ताठ उभं राहिलं. बाकीच्या रांगा पुढे निघाल्या, ह्या रांगेतली पोरं ओरडू लागली, आणि दोन्हीकडची टगी हळूहळू उठून उभी राहिली. मी कुंपणात घुसलो. काटे लागले ते नंतर कळले.

शास्त्रीबुवांना कशाचा पत्ता नव्हता. ते उपरणं सावरत म्हणाले, "अरे, हात कर की बाळा पुढे. तुझी पाळी थांबलीय."

पोरानं त्यांच्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. आणि पुतण्यानं ती टाळी अशी हाणली की कुंपणापर्यंत आवाज आला. पोराचा खांदा हलला. ते एक क्षण तसंच उभं राहिलं, आणि मग पळालं.

पुढच्या फेरीला रांग उलट लावायची, म्हणजे शेवटच्याला पहिली पाळी, असं मीच लिहिलं होतं. आता टाळी देणारा मेलेल्याचा मुलगा होता. त्यानं धावत येऊन, सगळं अंग टाकून, पुतण्याच्या हातावर ती मारली. पुतण्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यानं हात मागे घेतला नाही. मग पुन्हा फेरी, पुन्हा टाळी. टगी आपापल्या जागी बसून बघत राहिली. शास्त्रीबुवा खूश होऊन म्हणाले, "वा! काय चपळाई!"

मी काट्यांत उभा राहून दात-ओठ खात होतो. हे थांबवावं की नाही, मला कळेना. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणावर धावून गेलो नाही.

दिवेलागणीला दार वाजलं. बाई, तिचा दीर आणि पोरगं. दीर दारातच उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, हात घोंगडीच्या आत. बाईनं पोराचा पंजा माझ्यापुढे धरला. लाल, टम्म सुजलेला.

"मास्तर, हेडमास्तर म्हनलं व्हतं, आता काय व्हनार न्हाई. ह्ये कुनी क्येलं?"

मी कंदील जवळ घेऊन त्याची बोटं पाहिली. नाव घेतलं असतं, तर तो माणूस दारातून तसाच वळला असता, आणि घोंगडीखाली काय होतं ते मला दिसत नसलं तरी कळत होतं.

दीर पोराला म्हणाला, "नाव सांग. त्यांच्यातलाच हाय न्हवं?"

पोरानं आईच्या हातातून पंजा सोडवून घेतला.

"कुनी मारलं न्हाई," ते म्हणालं. "खेळात टाळी व्हती."

"टाळीनं हात सुजतोय व्हय रं?"

"सुजतोय. त्याचाबी सुजलाय." आणि मग, मान वर करून, "म्या बी तेवढीच हानली. झालं आता."

दीरानं पोराकडे पाहिलं. मग घोंगडी सारखी करून खाली उतरला. बाई पोराला घेऊन त्याच्यामागे निघाली. जाताना तिनं पदराखाली आणलेलं पोराचं दप्तर माझ्या खाटेवर ठेवलं आणि म्हणाली, "ह्ये सकाळी शाळंत न्हिऊन ठिवा. घरी नगं, भावजींचा भरवसा न्हाई. पोर येनार शाळंत."

ते गेल्यावर मी मोठ्यानं रडलो. हात दुखत होता, पण त्यासाठी नव्हे.

मग कागद मागवून घेतला. डाव्या हातानं "टाळी" खोडलं आणि वर लिहिलं: रुमाल द्यावा. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा कुरकुरले, टाळी किती छान होती म्हणाले. मी सांगितलं, पोरांचे हात सुजतात.

पुढच्या तासाला मी पुन्हा कुंपणामागे होतो. पुतण्या वळसा घालून आला आणि त्यानं रुमाल पुढे केला. मेलेल्याच्या मुलानं सुजलेल्या हातानं तो घेतला, आणि पळाला.