लसूण आणि शेजाऱ्याची बाटली

शेतकऱ्याला पिकाची भाषा कळते, असं मी उज्जैनच्या आमच्या मराठी मंडळात एकदा टाळ्या घेत सांगितलं होतं. त्याच हिवाळ्यात आमच्या दोन बिघ्यांतला लसूण पांढरट पडून मुरडायला लागला आणि मला काहीच कळेना. शेत दादाच्या हाती होतं आणि त्याचं वर्षभराचं घर या लसणावरच चालणार होतं.

औषध घेण्याची आमच्याकडची रीत सोपी आहे. दुकानात पान दाखवत नाहीत, शेजाऱ्याची रिकामी बाटली दाखवतात. दादानेही तेच केलं, “वही दे दो.” बाटली बुरशीनाशकाची होती. तीन वेळा फवारलं, तरी पानं वळतच राहिली. दादाचं जेवण बांधावरून तसंच परत यायला लागलं. शेवटी तो पंपात तणनाशक भरायला निघाला, कारण ते ‘कडक’ असतं.

निंदणीला आलेल्या बाई ओरडल्या, “अरे भैया, वो तो लहसुन भी जला देगा! पहले देख तो लो, खा कौन रहा है!”

त्यांनी माझ्या वहीच्या कोऱ्या पानावर एक रोप झटकलं. केसाएवढे पिवळसर फुलकिडे कागदावर चालायला लागले. म्हणजे कीटकनाशक हवं होतं. ते त्याच संध्याकाळी फवारलं आणि किडे मेले, पण वळलेली पानं काही सरळ झाली नाहीत.

लसूण सुपारीएवढा निघाला. बुरशी मात्र एकाही गड्ड्यावर नव्हती.