अठरा मिनिटं पाच सेकंद

तिकीट एजन्सीत तीन टेबलं, आणि खिडकीजवळच्या टेबलावर जी बसायची तिला सगळे तारीखबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला माहीत होतं आणि तिची हरकत नव्हती. विमान कंपन्यांशी झालेले फोन रेकॉर्ड व्हायचे. ते ऐकून एका पानाचा गोषवारा काढायचा हे तिचं काम. पानावर चार रकाने: परताव्याच्या अटी, नंबर, दिलेल्या तारखा, आणि शेवटी कोण, कितव्या मिनिटाला बोललं. तारखेच्या रकान्यात 'लवकरच' हा शब्द तिनं बावीस वर्षांत एकदाही लिहिला नव्हता. कंपनीवाला 'लवकरच' म्हणाला की ती लाल पेनानं 'तारीख दिली नाही' असं लिहायची. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात तिच्या पानावर वाढला जात नसे.

तर अशा बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती सहा तारखेला सकाळी, कंपनीचा मेल वाचून. 'आपल्या संमतीनुसार तिकिटाची पूर्ण रक्कम क्रेडिट म्हणून जमा केली आहे. आमच्या कोणत्याही विमानासाठी एक वर्ष वापरता येईल.'

तिकीट होतं समोरच्या गल्लीतल्या शिलाईवाल्या काकूंचं. काकूंची मुलगी दूरच्या शहरात, पहिलंच बाळंतपण, तारीख अठरा. दहा तारखेचं विमान कंपनीनं स्वतःहून रद्द केलं आणि पुढचं दिलं तेवीसचं. बाळ काही कंपनीचं वेळापत्रक बघून येणार नव्हतं. दुसऱ्या कंपनीचं बाराचं तिकीट मिळत होतं, पण काकूंची सगळी शिल्लक या रद्द तिकिटात अडकलेली. तारीखबाईनं दोन तारखेला फोन लावला, सव्वीस मिनिटं भांडली, आणि काकूंना सांगून टाकलं, "नऊ तारखेपर्यंत पैसे तुमच्या कार्डावर. मग बाराचं काढू."

"संमती म्हणे!" ती मालकांना म्हणाली. "कुणाची संमती? धडधडीत खोटं बोलतात मेले. आत्ता रेकॉर्डिंग ऐकते आणि एकेकाचा गोषवारा काढते."

तिनं कानाला हेडफोन लावले. तिसऱ्या मिनिटाला तक्रारीचा नंबर. सहाव्याला बुकिंगचा सहा अक्षरांचा नंबर. नऊ मिनिटं चाळीस सेकंदांवर कंपनीचा माणूस स्वच्छ म्हणतो, "विमान आम्ही रद्द केलंय, त्यामुळे काही कापणार नाही. सात दिवसांत ज्या कार्डावरून पैसे भरले त्याच कार्डावर परत." तिनं टेबलावर हात आपटला. सापडले की नाही चोर!

मग सतरावं मिनिट. तिकिटाचा तेरा आकडी नंबर तो सांगतोय, ती लिहून घेतेय. मध्येच, अठरा मिनिटं पाच सेकंदांवर, तो म्हणतो, "म्हणजे मी रक्कम क्रेडिटमध्ये टाकून देतो, वर्षभर वापरता येईल. चालेल ना?"

आणि एक बाई म्हणते, "हो हो, चालेल. तुम्ही पुढचे आकडे सांगा."

बाईचा आवाज ओळखीचा होता. तारीखबाईनं तो तुकडा तीनदा ऐकला. तिन्ही वेळा बाई तीच.

आता राग कुणावर काढायचा? ती उठून पाणी प्यायली, परत बसली, पेनचं टोपण चावलं. दोन तारखेला समोर चार गिऱ्हाईकं बसलेली, म्हणून तिनं रेकॉर्डिंग न ऐकताच हाताशी असलेल्या टिपणावरून गोषवारा लिहिला होता. बावीस वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्यांना मिनिट-सेकंद विचारणारी, आणि स्वतःचंच बोलणं ऐकलं नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारता येत नाही, नाहीतर तिनं मारलीच असती.

मालकांनी तिचा चेहरा बघून ओळखलं. हेडफोन मागून घेतले, ऐकलं, काढून ठेवले.

"नऊ-चाळीसचा तुकडा तेवढा पाठव," ते म्हणाले. "अठरावं मिनिट कशाला दाखवायचं?"

"त्यांच्याकडेही रेकॉर्डिंग आहे."

"असू दे. ते शोधतील तेव्हा बघू. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"मी अर्धं पान लिहीत नाही, शेठ," ती म्हणाली, आणि आवाज जरा जास्तच चढला. "लिहायचं तर सगळं. नाहीतर तुम्हीच लिहा."

मालक आपल्या टेबलावर गेले. तिनं लिहिलं: '१८:०५. कंपनीनं क्रेडिट सुचवलं. एजन्सीच्या बाईनं लक्ष न देता होकार दिला. प्रवाशाला विचारलं नाही. क्रेडिट नको असेल तर पैसे परत मिळतात, हे त्या वेळी सांगितलं नाही. ९:४० ला दिलेल्या शब्दाच्या हे उलट आहे.' लिहिताना कागद फाटेल इतका जोर होता.

मग तिनं ते पान कंपनीला पाठवलं आणि तिथल्या वरच्या साहेबांना फोन लावला. साहेब तयारीतच होते. "मॅडम, होकार तुम्हीच दिलाय."

"अठरा मिनिटं पाच सेकंद. माझ्याच कागदावर लिहिलंय, पाठवलाय तुम्हाला. आता नऊ-चाळीस ऐका. आणि तिकीट माझं नाही, काकूंचं आहे. त्यांचा होकार कितव्या मिनिटाला आहे तेवढं सांगा."

होकार फडकवायचा म्हणून साहेबांनी जपून ठेवला होता, तो तिनं आधीच त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलेला. शेवटी ते म्हणाले, "क्रेडिट रद्द करतो. परताव्याचा नवा नंबर घ्या. तीन कामाच्या दिवसांत आम्ही पैसे सोडू, पुढे बँकेला पाच दिवस लागतात."

"सोडण्याची तारीख सांगा, दिवस नका सांगू."

त्यांनी तारीख दिली. तिनं लिहिली, नंबर दोनदा म्हणून घेतला, आणि या वेळी रेकॉर्डिंग लगेच पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. बँकेचे दिवस धरून हिशेब मांडला. बारा तारीख उलटून जात होती.

दुपारी काकू आल्या, गळ्यात मापाची टेप तशीच. तारीखबाईनं पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि स्वतःच सांगितलं, अठराव्या मिनिटासकट. काकूंनी चष्मा चढवून एकेक रकाना वाचला.

"म्हणजे चूक तुझी."

"हो काकू."

"मला तू नऊ म्हणाली होतीस. मी मुलीला कळवलं, आई बाराला येते. ती रोज विचारते." काकूंचा आवाज चढला होता. त्यांनी तारखांच्या रकान्यावर बोट ठेवलं. "यात सगळ्यांनी दिलेल्या तारखा आहेत. तू दिलेली कुठाय?"

तारीखबाईनं तो रकाना वरपासून खालपर्यंत वाचला. बावीस वर्षांत त्या रकान्यात फक्त दुसरे होते.

तिनं लाल पेन घेतलं. 'नऊ तारीख. शब्द देणारी: मी.' खाली सही केली. मग मालकांच्या टेबलापाशी गेली.

"काकूंचं बाराचं तिकीट एजन्सीच्या खात्यावर काढते. त्या कंपनीला आपण पैसे पंधरवड्यानं देतो. तोवर परतावा आला तर काकू भरतील, नाही आला तर माझ्या पगारातून कापा."

"कापणारच आहे," मालक वर न बघता म्हणाले.

"कापा," ती म्हणाली, आणि परत येऊन तिनं काकूंना पुढच्या खुर्चीत बसवलं. "नाव सांगा. ओळखपत्रावर आहे तसंच, एकेक अक्षर."

काकूंनी सांगितलं. तिनं लिहिलं, मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि पेन खाली ठेवून काकूंच्या तोंडाकडे बघत विचारलं, "बाराचं काढतेय. चालेल ना?"

काकूंनी लिहिलेलं नाव आणि तारीख पुन्हा एकदा वाचून बघितली. त्या "हो" म्हणेपर्यंत तिनं पेन उचललं नाही.