खालच्या खोलीचा ठराव

शहाद्यातल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक खोली आहे. बांधली होती सभेसाठी, पण तिच्यात मोडक्या खुर्च्या आणि गणपतीच्या मंडपाचे बांबू पडलेले असायचे. तिथे मुलांच्या शिकवण्या घ्यायचं माझ्या मनात कितीतरी वर्षं होतं. लग्नाआधी मी लोणखेड्याच्या शाळेत शिकवत असे. जिन्यात भेटले की सेक्रेटरींना मी म्हणायची, "ती खोली बघा ना." ते म्हणायचे, "बघू."

मग एका लग्नासाठी मी अक्कलकुव्याला गेले. परत आले तेव्हा जेवताना यांनी सांगितलं, "सभा झाली. खालची खोली शिवणक्लासला दिली."

"कोणाला?"

"आपल्याच घरात. धाकटीला."

धाकटी म्हणजे माझी देराणी, यांच्या लहान भावाची बायको. तीही याच इमारतीत राहते, पहिल्या मजल्यावर. दहावीपर्यंत शिकलेली. पण ती या घरात आली आणि सासूबाईंना तिच्याच हातची कळण्याची भाकरी गोड लागू लागली. माझ्या मुलीला शाळेच्या स्नेहसंमेलनाचा फ्रॉकही काकूनेच शिवलेला हवा असायचा. मी हसून बघत बसायची, आणि आत काहीतरी करपायचं.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी अनुमोदन दिलं," हे शांतपणे म्हणाले आणि ताक ओतून घेतलं.

माझं जेवण तिथेच संपलं. माझ्या नवऱ्याने हात वर केला, तोही तिच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. मा. सचिव यांस, सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताची नक्कल मिळावी, खोलीसंबंधीच्या ठरावाचे पान सोबत जोडावे, नियमाप्रमाणे नक्कल फी भरण्यास तयार आहे. फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर, म्हणून सही माझीच केली. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची हेही मला ठाऊक होतं. ठरावात कुठेतरी चूक असणार, आणि ती मी पुढच्या सभेत सगळ्यांसमोर वाचून दाखवणार, असं मी ठरवून टाकलं होतं.

सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, पोच दिली.

"वहिनी, हे इतिवृत्त अजून कच्चं शे. कमिटीनं पाहिलंय, पण पुढल्या सभेत ते कायम होईल."

"मग नक्कल मिळणार नाही का?"

"मिळेल ना. सभासदाचा हक्क शे तो. कच्चं असं वर लिहून देतो."

त्याच आठवड्यात नक्कल आली, शिक्का-सहीसकट. ठरावाचं पान मी आधी काढलं. नोटिशीत विषय होता, गणपूर्ती होती. देराणीने लेखी अर्ज दिला होता, तो सभेत वाचला गेला. आठवड्यातून तीन दुपारी खोली तिला, वीजबिल तिने भरायचं. आणि खाली एक ओळ: उरलेल्या वेळेसाठी कोणा सभासदाने अर्ज केल्यास समितीने विचार करावा. खाली अनुमोदक म्हणून यांचं नाव. चूक कुठेच नव्हती. एखादी चूक असती तर मला किती बरं वाटलं असतं.

संध्याकाळी देराणी वर आली. अर्जाचं तिच्या कानावर गेलं होतं.

"ताई, तुमले ती खोली जोयजे व्हती?"

"कोण म्हणालं?"

"सेक्रेटरी काका. मले माहीतच नव्हतं. तुम्ही एकदा सांगितलं असतं तर मी अर्जच नसता दिला. सगळी घ्या, मी घरातच शिवते."

तिने हे खरंच मनापासून म्हटलं, आणि तेच मला सहन झालं नाही. तिने भांडायला हवं होतं. मी म्हणाले, "नको. तुझ्या दुपारी तुझ्याकडेच ठेव." आवाज कोरडा निघाला. मी तिला चहाचंही विचारलं नाही. ती खाली गेली.

हे सगळं बोलणं यांनी आतून ऐकलं होतं. म्हणाले, "तू मला कधी म्हणालीस की तुला खोली हवी आहे?" मी आठवून पाहिलं. जिन्यात सेक्रेटरींना म्हणाले होते. यांना नाही.

मी उरलेल्या वेळेतल्या सकाळींसाठी अर्ज दिला. कमिटीने मंजूर केला. पहिल्या दिवशी खोली उघडली तर फरशी पुसलेली, खुर्च्या भिंतीला लावलेल्या, शिलाई मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेलं. फळ्यासाठी भिंतीचा मधला भाग तिने मोकळा सोडला होता. आपण होऊन मला हे सुचलं असतं का, कोण जाणे.

आता माझ्याकडे गणिताला मुलं येतात, बऱ्यापैकी येतात. पण दुपारी तिचा क्लास सुरू झाला की मी गॅलरीत जाते आणि खाली दाराबाहेरच्या चपला बघते. त्या माझ्या सकाळच्यांपेक्षा नेहमी जास्तच दिसतात. आतून बायकांचं हसू वर येतं. कालही आलं, आणि मी वाळत घातलेले कपडे काढायचे विसरून तिथेच उभी राहिले.