देवकी कासारीण आणि तिचे सैल तास

इतवारीतल्या देवकी कासारणीचा उजवा हात रिकामा असला की थरथरायचा. अंगठा बोटांवर गोळी वळल्यासारखा फिरायचा. गिऱ्हाइकाचा हात हातात घेतला की मात्र थरथर थांबायची. खरा वैरी होता तो ताठरपणा. बोटं लाकडासारखी व्हायची, चोळीची गाठसुद्धा बसायची नाही.

"हा कंपवात आहे. बरा होणार नाही," दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. "या बेलाडोनाच्या औषधानं अंग थोडं सैल होईल, पण ते ठरल्या वेळीच घ्या. उशीर झाला म्हणून दुप्पट घ्याल, तर डोळ्यांपुढं धुकं येईल, भ्रम होईल."

पोरांच्या हाती लागू नये म्हणून सून शामला बाटली उंच फळीवर ठेवायची. त्यामुळं सकाळचा डोस शामलाचा सैपाक उरकल्यावरच मिळायचा.

एके दिवशी महाल भागातल्या यमुताईंच्या लेकीला लग्नाचा चुडा भरायचा होता. लाकडं ओली होती, चूल पेटेना. औषध उशिरा मिळालं आणि त्याचा गुण यायच्या आतच देवकी निघाली. यमुताईंच्या उंबरठ्याशी तिचे पाय जमिनीला चिकटले. कशीबशी आत गेली, तर नवरीची मूठ दाबायला बोटं वळेनात. लागोपाठ बांगड्या तडकल्या. लग्नघरात 'फुटल्या' म्हणत नाहीत.

"वाढल्या," यमुताई पुटपुटल्या. पोरीच्या मनगटावरचं रक्त पुसत म्हणाल्या, "देवकी, उद्या सुनेलेच पाठव वं."

घरी येताच देवकीनं टोपली आदळली. "माह्या औषधानं तुह्या चुलीची वाट काहून पाहावी?"

"मी कुठंकुठं पुरू, आत्याबाई?" शामला रडकुंडीला आली. "तुमी घरीच बसा ना आता. बांगड्या मी भरीन, चोळीबी मीच बांधून देईन."

"मंग घासबी भरव! मले बाहुली करून ठेव!"

देवकीचा मुलगा गिरिधर म्हणाला, "बुढे, एक डोस रोज तुह्या उशाजवळच्या कोनाड्यात झाकून ठेवतो. तुह्या हातानं घे."

तेव्हापासून गिरणीचा पहिला भोंगा झाला, की देवकी अंथरुणातच औषध घ्यायची. तोंडाला कोरड पडायची, घोटघोट पाणी प्यावं लागायचं. पण चूल पेटेपर्यंत अंग सैल व्हायचं. मग ती चोळी स्वतः बांधायची, वेळ लागला तरी. शामला पुढं झाली की खेकसायची, "हात मागं घे!" गिऱ्हाइकं त्या सैल तासांतच उरकायची. दुपारी पुन्हा आखडू लागली, की पुढच्या डोसापर्यंत भिंतीला टेकून, स्वतःच्याच हाताकडं रागानं पाहत बसायची.

यमुताईंच्या लेकीचा चुडा शामलानंच भरला. तो चांगला बसला, असं सगळे म्हणाले. देवकी त्या लग्नाला जेवायला गेली नाही.