माटोळीतली मोकळी दोरी

देव आपल्यावर रुसला आहे असे मला आयुष्यात एकदाच वाटले, तेही ऐन गणेशचवथीच्या तोंडावर. रुसायला कारणही मीच दिले होते. पस्तीस वर्षे मुलांना शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला वाटते, आपल्याला सगळे कळते. हा रोग सेवेबरोबर निवृत्त होत नाही.

पेडण्याजवळच्या आमच्या गावात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकट छताला टांगायची आणि तिला रानातली फळे, शेंगा, घोस दोऱ्यांनी बांधायचे. कवंडळे, घागऱ्या, आंबाडे, सुपारीचा शिपटा, असे काय काय. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या मधोमध कांगल्यांचे घोस असतात. नव्या पोरांना ही नावेच ठाऊक नाहीत, हे पाहून मी निवृत्तीनंतर व्हिडिओंचा चॅनल काढला. एकेका रानफळावर एकेक धडा. मी बोलायचे आणि सौभाग्यवतीने मोबाइल धरायचा, अशी वाटणी झाली.

पहिला व्हिडिओ एकोणीस वेळा पाहिला गेला. त्यातल्या निम्म्या वेळा पाहणारा मीच होतो. पठारावरचा वारा इतका घोंघावत होता की माझा आवाज कुठल्या कुठे गेला. मग कॉलरला लावायचा छोटा माइक आणला आणि त्यावर कापसाचा बोळा बसवला. लोक कुठवर पाहतात आणि कुठे सोडून जातात, याचा एक आलेख चॅनलच्या मागच्या बाजूला दिसतो. तो उघडला तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच उतार! मी त्या वेळेत नमस्कार, प्रस्तावना आणि माझा परिचय उरकत होतो. ही म्हणाली, "वर्गातली भुरगीं बाकार बसून आसतलीं, ही उठून वतात. आदीं फळ दाखयात." मुकाट्याने ऐकले. फळ आधी हातात, नमस्कार शेवटी. आलेख सावरला.

माणसे हळूहळू जमली. कोणी डिचोलीहून, कोणी सावंतवाडीहून, कोणी आखातात नोकरी करणारे. प्रत्येक कमेंटला मी उत्तर देई, शुद्धलेखन तपासून. काही जण दर शनिवारी सकाळी हजर असत आणि माझी चूक झाली तर तीही सांगत. वर्षभरात हजार सदस्य झाले तेव्हा मी अभिमानाने हिच्याकडून गोड शिरा करून घेतला, हे कबूल करतो.

हे सारे ज्ञान माझे नव्हते. ते द्रौपदीमावशीचे होते. शेजारच्या वाड्यावरची ही बाई चाळीस वर्षे रानातून माटोळीचे सामान आणून पेडण्याच्या बाजारात विकते. तिनेच मला मोपा गावाच्या बाजूच्या उतारावरच्या कांगल्यांच्या जुन्या वेली दाखवल्या. घोस कोयत्याने देठाशी कापायचा, वेल ओढायची नाही, आणि अर्धे घोस पाखरांना ठेवायचे, ही तिची रीत. मी तिचे नाव घेतले, रीतही सांगितली, पण व्हिडिओच्या सुरुवातीला रस्ता दाखवला. देवळाकडून वळण, मग पाणंद, मग मोठा कातळ. फळ कुठे मिळते हे सांगितले नाही तर धडा अपुरा, असे माझ्यातला मास्तर म्हणाला.

श्रावणात लोक माटोळीविषयी शोधू लागले आणि तो व्हिडिओ वर आला. रोज हजारोंनी पाहिला. मी खूश. चवथीला दहा दिवस असताना मावशी दारात आली, टोपली रिकामी.

"मास्तर, तुमचो विडियो बगून माणसां आयलीं. वेली मुळासकट ओडून व्हेल्यो. आतां कितें दाखयतलात?"

एवढेच बोलून ती गेली. मी उतारावर जाऊन पाहिले. खड्डे होते, वाळकी पाने होती, एकही वेल उभी नव्हती. कातळावर बसून मी रडलो, त्याची लाज वाटत नाही. मावशीची चवथ मी बुडवली होती, आणि ज्या फळाशिवाय आमचा गणपती कधी बसला नाही, ते फळच मी डोंगरातून घालवले होते.

घरी येऊन चॅनलच्या संपादनात रस्त्याचा तुकडा कापून टाकला. व्हिडिओ तोच, दुवा तोच, फक्त तेवढा भाग गेला. पण मोबाइलवरून मोबाइलवर पसरलेल्या प्रती कशा कापणार? शेवटी तो अख्खा व्हिडिओच खाजगी केला. माझा सर्वांत जास्त पाहिलेला व्हिडिओ एका बोटाने झाकला गेला. मग शनिवारी लाइव्ह आलो. आलेख बघितला नाही, फळ हातात घेतले नाही. सरळ सांगितले, चूक माझी, शिक्षाही मी घेणार. यंदा आमच्या माटोळीत कांगल्यांची दोरी मोकळी टांगेन. तुम्हीही बाजारात मुळासकट ओढलेली वेल दिसली तर घेऊ नका. समोर कमेंटी धावत होत्या, मला चष्म्यातून वाचता येईनात.

चवथीच्या सकाळी मी गणपतीसमोर गाऱ्हाणे घातले. दरवर्षी यादी मोठी असते. यंदा एकच मागितले, बाप्पा, त्या बाईचे मन माझ्याविषयी निवळू दे, बाकी तुझी मर्जी. चौकटीच्या मधोमध ती दोरी लोंबत होती आणि मला वर बघवत नव्हते.

दुपारी मोबाइल वाजू लागला. कमेंटमध्ये फोटो टाकता येत नाही, म्हणून लोक ईमेलवर पाठवत होते. डिचोलीची माटोळी, साखळीची, सावंतवाडीची, मस्कतमधल्या एका खोलीतली प्लास्टिकच्या फळांची. प्रत्येकीत मधोमध एक मोकळी दोरी. दोनशेच्या वर. मी कोणाला तसे करा म्हटले नव्हते! पस्तीस वर्षांत इतका अभिमान मला कुठल्याच वर्गाचा वाटला नाही. आमच्या घराची लाज त्या माणसांनी आपापल्या देवापुढे वाटून घेतली होती.

तिसऱ्या प्रहरी मोटारसायकलवरून एक जोडपे आले. मये गावचे, कधी पाहिलेले नव्हते. पेडण्याच्या बाजारात "माटोळीचे मास्तर खंय रावतात?" विचारत आलेले. बाईच्या मांडीवर मातीच्या पिशव्यांत मुळे धरलेली कांगल्याची पाच रोपे होती. तिच्या सासऱ्याने परसात वेल जपली होती. त्या वेलीच्या फांद्या तिने कधीपासून लावून ठेवल्या होत्या, कशासाठी ते तिलाही ठाऊक नव्हते. मी म्हटले, एक घोस तरी देवाला आणायचा होता.

"देवाक नाका, मास्तर. डोंगराक घालात," ती म्हणाली, आणि प्रसाद घेऊन निघाली.

हा चमत्कार की योगायोग, मी वाद घालत नाही. मी मागितले होते एक, आणि देव दुसऱ्याच दाराने आला. आयुष्यभर मी देवापुढे काय काय बांधले याचा हिशेब ठेवला. त्याला माझी मोकळी दोरीही चालली, हे मला त्या दिवशी समजले.

पाऊस होता तोवरच रोपे लावायला हवी होती. विसर्जनानंतर मी ती घेऊन मावशीच्या अंगणात उभा राहिलो, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा. तिने रोपे उलटीपालटी करून पाहिली, मुळे चाचपली आणि कुदळ उचलली.

"चलात. मोबायल घरा दवरात."

ठेवला. पाचही रोपे जगली आहेत. माझे सदस्य दर शनिवारी विचारतात, मास्तर, वेल किती वाढली? ते मी सांगतो. जागा मात्र त्यांनी आजवर एकदाही विचारलेली नाही.