वॉल्टरकाकांच्या बिलांची मागची बाजू

वॉल्टरकाकांचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. त्यांच्यावर नाही हो. बाकीच्यांवर, आणि थोडं माझ्यावरही.

काका माणिकपूरचे. मुंबईत कारकुनी करून निवृत्त झाले आणि चांदीपच्या मुलींच्या वसतिगृहाचे खजिनदार झाले. वसतिगृह एका धर्मादाय ट्रस्टचं, काका त्याचे एक विश्वस्त. आठवड्यातून दोनदा पदरच्या पैशाने एसटीने जायचे. एक पैसा मानधन नाही. कागद वाया घालवणं म्हणजे त्यांना पाप वाटायचं, त्यामुळे प्रत्येक बिल ते जुन्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर चिकटवायचे. आमच्या सीए सरांच्या ऑफिसात दरवर्षी त्यांची फाईल यायची ती खळीच्या वासासकट. ती तपासायचं काम माझं.

दोन हजार तीनचा सप्टेंबर. ताळेबंद आणि ऑडिट रिपोर्ट महिनाअखेरीला धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचा होता, ऑक्टोबरअखेर प्राप्तिकराचं विवरणपत्र. त्यातून मार्चमध्ये ऐंशी-जीची मुदत संपत होती. ते प्रमाणपत्र असलं तरच देणगीदाराला करात सवलत मिळते. मुलींच्या जेवणाचा खर्च एक कंपनी द्यायची, आणि तिने स्पष्ट कळवलं होतं की प्रमाणपत्र नाही तर देणगी नाही. नूतनीकरणाला तीन वर्षांचे हिशेब दाखवावे लागणार होते.

विजेची बिलं फुगलेली दिसली म्हणून मी कागद उलटसुलट करून बघत होते. आदल्या वर्षीच्या ऑगस्टच्या बिलामागे छापलं होतं: संकेत क्लासेस, चांदीप, वसतिगृहाचा हॉल, संध्याकाळी पाच ते नऊ. संकेत म्हणजे ट्रस्टचे अध्यक्ष प्रल्हादराव, त्यांचा मुलगा. सप्टेंबरच्या मागेही तेच पत्रक. काकांनी हॉलमध्ये पडलेला उरलेला गठ्ठा उचलून आणला होता, मागची बाजू कोरी आहे म्हणून! जमेच्या बाजूला भाडं मात्र शून्य.

ऑडिटरला प्राप्तिकराच्या अहवालात लिहावंच लागतं की ट्रस्टची जागा विश्वस्ताला किंवा त्याच्या नातेवाइकाला वापरायला दिली का, आणि भाडं किती घेतलं. फुकट दिली असेल तर त्या वर्षीची करमाफी जाते. आजवर काका प्रामाणिकपणे ‘नाही’ सांगत आले होते. हॉल वापरला जातो हे त्यांना ठाऊक होतं, पण अध्यक्षाचा मुलगा म्हणजे घरचाच, त्यात लिहायचं काय, असं त्यांना वाटायचं. मी समजावलं तेव्हा बिचाऱ्यांचा चेहरा पडला. मग हळूच म्हणाले, क्लास चालू असतो तेव्हा मुली व्हरांड्यात एका बल्बखाली बसतात. मला किळस आली. पोरींच्या नावाने देणग्या गोळा करायच्या आणि त्यांनाच बाहेर बसवायचं!

सरांनी प्रल्हादरावांना बोलावलं. गृहस्थ पांढऱ्या सफारीत आले, चहा प्यायले आणि म्हणाले, भाडं तर मी दर महिन्याला रोख देतो, वॉल्टर लिहायचं विसरला असेल. काकांनी जमाखर्चाची वही उघडून पानं पुन्हा चाळली. दुसऱ्या दिवशी बारा पावत्या तयार होऊन आल्या, दरमहा दोन हजार, मागच्या तारखांच्या. सोबत हॉलच्या रंगकामाचं चोवीस हजारांचं बिल. म्हणजे कागदावर भाडं आलं आणि कागदावरच रंगात गेलं, प्रल्हादरावांच्या खिशातून दमडी नाही. त्या हॉलच्या भिंतीला ओल येऊन पोपडे सुटले होते, मी स्वतः पाहिले होते. सरांनी चष्मा पुसत विचारलं, पावत्यांवर खजिनदाराची सही कुठे आहे?

सर सगळं ओळखून होते. तरी विचारलं फक्त सहीचं. ऑफिसात या माणसाला मी देव मानत होते, शी.

काकांना रोजकीर्दही, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, नव्याने लिहावी लागणार होती, वर्षभराची. मी त्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, काका, सही करू नका. जे झालं ते तसंच लिहून देऊ. त्यांनी विचारलं, मग करमाफी? जाईल, मी म्हटलं. त्यांनी विचारलं, मग ऐंशी-जी? तेही अडेल, मी म्हटलं.

“वसतिगृहातली कमळी पुढच्या वर्षी दहावीला जाईल, सुहासिनी,” ते म्हणाले. “मार्चनंतर ती जेवणार काय?”

त्यांनी सह्या केल्या. बारा पावत्या, एक बिल, नवी रोजकीर्द. अक्षर नेहमीसारखंच सुबक. सरांनी अहवालात लिहिलं की जागा दिली होती आणि योग्य भाडं घेतलं. मी तो टाइप केला. हो, मीच. प्रमाणपत्र पुढच्या मुदतीसाठी मिळालं, कंपनीचा चेक आला, आणि वार्षिक सभेत प्रल्हादरावांना शाल मिळाली. क्लास चालूच राहिला.

पुढच्या सप्टेंबरला काकांची फाईल आली. सवयीने मी पहिलं बिल उलटलं, मग दुसरं, मग सगळीच. सगळी बिलं विकतच्या पांढऱ्या शुभ्र कागदावर चिकटवलेली होती आणि मागे काही म्हणजे काहीच नव्हतं.